पहिले आसन कोणाचे?



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा विहार कसा उभा राहिला, देणगी कोणी दिली, विटा-वाळू कोणी वाहिली, हे लिहिलं जातं. ते लिहिलंच पाहिजे. पण आम्ही यंदा एका वेगळ्याच गोष्टीचा इतिहास मांडायचं ठरवलं आहे. विहार बांधून झाला, बुद्धमूर्ती बसली, सतरंजी अंथरली. आता त्या सतरंजीवर पुढे कोणी बसायचं आणि मागे कोणी, हा प्रश्न आहे.

हा काय प्रश्न झाला, असं कोणी म्हणेल. आपल्यात कुठं जात आहे? आपण तर १९५६ लाच ती सोडली. बरं, सोडली. मग वंदनेला नवं कुटुंब येऊन बसलं की मागून हळूच कुजबुज का होते, "मूळचे कोण वो हे?" मुलीचं स्थळ आलं की "बौद्धच आहेत" एवढ्यावर आपलं समाधान का होत नाही? सोमवंशी का लाडवण का अंधवण, ही चौकशी कशासाठी होते? आपल्यातले जुने लोक आपल्या साडेबारा पोटजाती सांगायचे. त्यांच्यात रोटी होत नव्हती, बेटी तर नव्हतीच. रोटी आता सुटली. बेटी अजून अडून आहे. आणि मांगवाड्यातून कोणी धम्मात आला, तर त्याच्यासाठी रोटीसुद्धा कितपत सुटली, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पाहावं.

याचं उत्तर आम्ही आमच्या मनानं देत नाही. ते भगवंतांनी दिलेलं आहे, आणि तेही विनयपिटकात, म्हणजे संघ प्रत्यक्ष कसा चालवायचा याच्या ग्रंथात.

चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध भिक्खू संघासह श्रावस्तीकडे निघाले होते. सहा भिक्खूंचं एक कुप्रसिद्ध टोळकं त्या काळी होतं. त्यांचे शिष्य पुढे धावत गेले आणि मुक्कामाच्या सगळ्या जागा त्यांनी अडवून ठेवल्या. ही आमच्या गुरूंची, ही आमची. सारिपुत्त मागून पोहोचले. सारिपुत्त म्हणजे संघातले अग्रगण्य, धम्माचे सेनापती. त्यांना झोपायला जागाच मिळाली नाही. ते रात्रभर एका झाडाखाली बसून राहिले. पहाटे भगवान उठले आणि खोकले, तेव्हा झाडाखालून सारिपुत्तही खोकले. कोण आहे म्हणून विचारलं तेव्हा सगळा प्रकार उघडकीस आला.

मग भगवंतांनी भिक्खूंना एकत्र बोलावलं आणि प्रश्न केला, की पहिलं आसन, पहिलं पाणी आणि पहिली भिक्षा मिळायला योग्य कोण? मंडळी, आता नीट लक्ष द्या. हे सगळे घरदार सोडलेले, मुंडण केलेले, एकाच रंगाची चीवरं घातलेले लोक होते. तरी काही म्हणाले, क्षत्रिय कुळातून आलेला असेल त्याला. काही म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेल्याला. काही म्हणाले, गृहपतीच्या घरातून आलेल्याला. कोणी म्हणाले, ज्याला सुत्तं पाठ आहेत त्याला. कोणी म्हणाले, जो धम्म चांगला सांगतो त्याला. म्हणजे चीवर अंगावर आलं तरी कुळ डोक्यातून गेलं नव्हतं. अडीच हजार वर्षांपूर्वी खुद्द भगवंतांच्या समोर बसलेल्यांची ही गत होती. मग आपल्यात तो रोग नाही, असं छातीठोकपणे म्हणायचं धाडस आपण कशाच्या जोरावर करतो?

भगवंतांनी यातलं एकही उत्तर मान्य केलं नाही. त्यांनी एक गोष्ट सांगितली. हिमालयाच्या पायथ्याशी एक मोठा वड होता. त्याच्या आश्रयाला तित्तिर पक्षी, माकड आणि हत्ती असे तिघे राहत. एकमेकांचा मान ठेवत नसत. मग त्यांना वाटलं, आपल्यात वडील कोण हे तरी ठरवू. हत्ती म्हणाला, मी लहान होतो तेव्हा हा वड माझ्या पायांमधून जायचा, शेंडा माझ्या पोटाला लागायचा. माकड म्हणालं, मी जमिनीवर बसून याचा शेंडा कुरतडलेला आहे. तित्तिर म्हणाला, अमक्या ठिकाणी एक वड होता, त्याचं फळ खाऊन मी इथे विष्ठा केली, त्या बीजातून हे झाड झालं. अंगानं सर्वांत लहान असलेला तित्तिर सर्वांत वडील ठरला. हत्तीनं आणि माकडानं त्याला मान दिला आणि तिघेही पंचशीलाने राहू लागले.

गोष्ट सांगून भगवान थांबले नाहीत. त्यांनी नियम घालून दिला की वंदन, उठून उभं राहणं, हात जोडणं, पहिलं आसन, पहिलं पाणी, पहिली भिक्षा हे सर्व ज्येष्ठतेने होईल. आणि संघातली ज्येष्ठता म्हणजे वय नव्हे, कुळ नव्हे. उपसंपदा कधी झाली, त्यानंतर किती वर्षावास झाले, एवढंच मोजायचं. साठ वर्षांचा राजा आज भिक्खू झाला, तर काल भिक्खू झालेल्या विशीतल्या मुलाच्या तो मागे बसेल. पाहा, भगवंतांनी "भेदभाव करू नका" असा नुसता उपदेश केला नाही. उपदेशाला मान सगळेच डोलावतात. त्यांनी बसायचा क्रमच बदलला.

या नियमाचा अर्थ काय होतो, हे उपालीच्या चरित्रात दिसतं. परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात उपाली न्हाव्याची दीक्षा मुद्दाम घेतली आहे. चुल्लवग्गात ती सविस्तर आहे.

भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त असे सहा शाक्य कुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले. त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. राज्याची हद्द ओलांडल्यावर कुमारांनी अंगावरचे दागिने काढले, त्यांचं गाठोडं बांधलं आणि उपालीला दिलं. एवढ्यात तुझं पोट चालेल, आता परत जा, असं सांगितलं. उपाली माघारी निघाला, पण वाटेत त्याच्या मनात आलं, की शाक्य लोक तापट आहेत. मी कुमारांना मारून दागिने आणले असं समजून ते माझाच जीव घेतील. त्यानं गाठोडं झाडाला टांगलं, जो पाहील त्यानं न्यावं असं म्हटलं, आणि तो कुमारांच्या मागे आला. ही भीती आपल्या आज्या-पणज्यांना समजावून सांगावी लागली नसती. वाड्यावरची वस्तू हातात सापडली की चोर कोण, हे आधीच ठरलेलं असायचं.

सातही जण अनुपिय गावी भगवंतांकडे गेले. तिथे कुमारांनी एक विनंती केली, आणि ती विनंती हाच या सगळ्या कथेचा प्राण आहे. ते म्हणाले, की आम्ही शाक्य फार अभिमानी आहोत. हा उपाली इतके दिवस आमचा सेवक होता. त्याला आमच्या आधी प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल, त्याच्यासाठी उठून उभं राहावं लागेल, आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल. भगवंतांनी तसंच केलं. आधी उपाली, मग शाक्य कुमार.

आता वरचा नियम इथं लावून पाहा. हे एका दिवसाचं नाटक नव्हतं. आधी न्हाव्याला दीक्षा दिली, हार घातला, फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे, असं झालं नाही. उपाली ज्येष्ठ झाले ते कायमचे ज्येष्ठ झाले. आनंद हे भगवंतांचे चुलतबंधू, पण उपालींसमोर ते कनिष्ठच. पुढे भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. तिथे महाकस्सपांनी धम्म आनंदांना विचारला आणि विनय उपालींना विचारला. जो हात शाक्यांची दाढी करत होता, त्याच्या तोंडून संघाचा सगळा कायदा निश्चित झाला.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. आपली दीक्षा मागे ठेवा, असं उपालीने मागितलं नाही, की आपली आधी करा असंही मागितलं नाही. मागणी वरच्यांनी केली. ज्याच्या पायाखाली चौरंग होता, त्यानेच तो काढून दुसऱ्याला दिला. आपल्याकडे नेहमी उलटं होतं. खालच्याने हक्क मागायचा आणि वरच्याने मोठ्या मनाने विचार करू म्हणायचं.

कोणी म्हणेल, हे सगळं भिक्खूंचं झालं, आपण संसारी माणसं. बरोबर आहे, वर्षावास मोजून आपल्याला सतरंजीवर बसता येणार नाही. पण १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्यासारख्या संसारी माणसांनाच उद्देशून नद्यांचा दाखला दिला होता. तो दाखलाही पिटकातला आहे. गंगा, यमुना, अचिरवती, शरभू, मही या मोठ्या नद्या महासागराला मिळाल्या की आपलं नाव टाकतात, तसे चारही वर्णांचे लोक संघात आले की आपलं पहिलं नाव-गोत्र टाकतात. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात हेच पाहायला मिळतं. बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणा गोदावरीला मिळते. मंजरथच्या खाली उभं राहून ओंजळभर पाणी उचललं, तर त्यात बिंदुसरेचं कोणतं, हे सांगता येतं का? आणि सांगता येत असेल, तर पाणी मिळालंच नाही असं समजावं. बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व मानव समान मानण्याची आणि समता स्थापन करण्यासाठी झटण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेताना आपण भिक्खू नव्हतो, उपासकच होतो.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण हा इतिहास आहे, कीर्तन नाही. नियम असूनसुद्धा बौद्धांच्या देशात जात शिरली आहे. श्रीलंकेचं उदाहरण डोळे उघडणारं आहे. तिथे अठराव्या शतकात उपसंपदेची परंपरा खंडित झाली होती. तेव्हा कँडीच्या कीर्तिश्री राजसिंह राजाने सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडहून, भिक्खू बोलावले. १७५३ साली त्यांनी उपसंपदा पुन्हा सुरू केली. त्या भिक्खूंच्या प्रमुखाचं नाव होतं उपाली! या परंपरेला सियाम निकाय म्हणतात. पण थोड्याच वर्षांत तिथे ठरलं की उपसंपदा फक्त गोविगम, म्हणजे जमीनदार-शेतकरी जातीलाच मिळेल. एका न्हाव्याचं नाव धारण करणाऱ्या महाथेरांनी उघडलेलं दार, त्यांच्यामागे जातीनं बंद केलं.

मग दालचिनी सोलण्याचा धंदा असलेल्या सलागम जातीतले ज्ञानविमल नावाचे श्रामणेर समुद्र ओलांडून ब्रह्मदेशाला गेले. तिथल्या अमरपूर या राजधानीत त्यांनी उपसंपदा घेतली आणि १८०३ साली परत येऊन वेगळा निकाय काढला. त्याला अमरपूर निकाय म्हणतात. दुःखाची गोष्ट अशी, की ज्यांना जातीमुळे दार बंद झालं होतं, त्यांच्या या निकायातही पुढे सलागमांचे वेगळे, करावांचे वेगळे, दुरावांचे वेगळे असे जातवार फाटे पडले. ज्यानं मार खाल्ला तो मारणार नाही, असं समजणं भाबडेपणाचं आहे.

असं का झालं? त्या भिक्खूंना सुत्तं माहीत नव्हती का? सगळी माहीत होती. पण विहारांच्या नावावर राजांनी दिलेल्या जमिनी होत्या, गावं होती. विहाराचा प्रमुख आपल्या भाच्याला शिष्य करायचा आणि विहार त्याच्याकडे जायचा. म्हणजे विहार घराण्यात राहायचा. जातीचा अभिमान नुसता डोक्यात नसतो. तो कशावर तरी बसलेला असतो. जमिनीवर, पगारावर, खुर्चीवर. आम्ही गिरणीतली माणसं, आम्हाला हे चटकन पटतं. मुंबईच्या कापड गिरण्यांत जगातले कामगार एक व्हा असे झेंडे फडकत होते, पण विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नव्हते. धोट्यातून सूत ओढायला तोंड लावावं लागायचं, म्हणून विटाळ होतो, हे कारण. खरं पाहता त्या खात्यात पगार जास्त होता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात कामगार पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला होता. विटाळ पुढे उभा असतो आणि त्याच्या मागे पगार लपलेला असतो.

म्हणून आपल्या विहारातली जात शोधायची असेल, तर भाषणात शोधू नका. भाषणात ती सापडणार नाही. समितीच्या इतिवृत्ताची वही काढा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार किती वर्षं त्याच दोन-तीन घरांत फिरतात, ते बघा. भोजनदानाच्या दिवशी भाजी कोण चिरतं, वाढायला कोण उभं राहतं आणि भांडी कोण घासतं, ते बघा. आणि शेवटी वधू-वर परिचयाचा फॉर्म बघा. त्यात पोटजातीचा रकाना आहे का? रकाना असेल तर बाकी काही बघायची गरज नाही.

जातीच्या दाखल्याचा घोटाळा इथं करू नये. १९९० साली कायदा दुरुस्त झाला आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळू लागल्या. त्यासाठी कागदावर मूळ जात लागते. तो झालेल्या अन्यायाचा पुरावा आहे, आणि सरकारदरबारी तो दाखवलाच पाहिजे. पण पुरावा तहसीलच्या फाईलमध्ये ठेवायचा असतो. तो सतरंजीवर आणि लग्नाच्या बैठकीत काढायचं कारण नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. आपल्या भागातल्या गावांत महारवाडा आणि मांगवाडा वेगळे होते, पाणी वेगळं होतं. गावाने दोघांनाही बाहेर ठेवलं, आणि बाहेर ठेवलेल्या दोघांनी एकमेकांतही उंच-नीच पाळलं. याच बीड जिल्ह्यात एका पोतराजाच्या घरी एकनाथ आवाड जन्मले. लोक त्यांना जिजा म्हणत. मानवी हक्क अभियानातून त्यांनी गायरान जमिनींसाठी लढे दिले, आणि २००६ साली अनेक मातंग बांधवांसह बौद्ध धम्म स्वीकारला. २०१५ साली ते गेले. त्यांच्या धम्मस्वीकाराच्या पुढच्याच वर्षी, २७ मे २००७ ला, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्या पुढाकाराने भटक्या-विमुक्तांतल्या हजारो लोकांचा दीक्षा सोहळा झाला. म्हणजे १९५६ च्या नदीला नव्या नद्या येऊन मिळू लागल्या.

इथेच नवा धोका उभा राहतो. आम्ही छप्पनचे, तुम्ही दोन हजार सहाचे, असं बोलणं आता कानावर येतं. आणि बोलणारा तित्तिराच्या गोष्टीचाच आधार घेऊ शकतो, की ज्येष्ठता दीक्षेवरून ठरते ना, मग आम्हीच ज्येष्ठ! त्याला उत्तर असं, की संघातली ज्येष्ठता वारशाने मिळत नाही. ती ज्याची त्याने मिळवायची असते. छप्पन साली ओंजळ जोडून त्रिशरण घेतलेली म्हातारी माणसं आज थोडीच उरली आहेत. त्यांना पहिलं आसन जरूर द्या, मग ती कुठल्याही वाड्यातली असोत. पण त्यांच्या नातवाला आजोबाच्या दीक्षेवर बसता येत नाही.

खुद्द भगवंतांच्या मुलाचं पाहा. राहुल श्रामणेर होता तेव्हा भिक्खूंनी अनुपसंपन्नाबरोबर एका छताखाली झोपू नये असा नियम झाला. कोसंबीला भिक्खूंनी राहुलला जागा दिली नाही. राहुलने मी कोणाचा मुलगा आहे असं कोणाला सुनावलं नाही. तो भगवंतांच्या शौचकूपात जाऊन झोपला. पहाटे भगवंतांना तो तिथे सापडला. तेव्हा त्यांनी नियम थोडा सैल केला, आणि दोन-तीन रात्रींची सवलत दिली. ती सर्वच अनुपसंपन्नांसाठी होती, एकट्या राहुलसाठी नव्हती. बुद्धाच्या मुलाला जे मिळालं नाही, ते छप्पनच्या बौद्धाच्या नातवाने कोणत्या तोंडाने मागायचं?

आमची विहार समितीला आणि आपल्या सर्व कुटुंबांना विनंती एवढीच आहे. पुढच्या निवडीत जे घर सर्वांत शेवटी धम्मात आलं, त्या घरातल्या भावाला किंवा बहिणीला समितीत घ्या, आणि नुसतं सदस्य म्हणून नको. वहीची किंवा पैशाची जबाबदारी द्या. भोजनदानाला त्या घरातून शिजून आलेलं अन्न सर्वांत आधी जुन्या घरांच्या ताटात वाढू द्या. परिचयाच्या फॉर्मवरचा तो रकाना काट मारून ठेवू नका, फॉर्मच नवा छापा. ही मागणी नव्यांनी करायची नाही. आपण जुन्यांनी, शाक्य कुमारांसारखी, स्वतः होऊन करायची आहे.

आणि ज्या दिवशी आपल्यातला एखादा बाप मुलीच्या स्थळाबद्दल मुलगा शिकलेला आहे का, निर्व्यसनी आहे का, पंचशील पाळतो का, एवढंच विचारून उठेल, त्या दिवशी बिंदुसरा गोदावरीला मिळाली असं आम्ही समजू.

नमो बुद्धाय! जयभीम!